बेरीज ६१ तासांची, सेलमध्ये मात्र १३ : `[h]:mm` वापरून एकूण तास-मिनिटे कशी दाखवायची

सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमनची आठवड्याची हजेरी एक्सेलमध्ये मांडली आहे असं समजा. सहा रात्री, प्रत्येक रात्री साधारण दहा तास. बेरीज साठच्या आसपास यायला हवी, पण `SUM` लावल्यावर सेलमध्ये येतं `13:35`. फॉर्म्युला बरोबर असतो, आल्या-गेल्याच्या वेळाही बरोबर असतात. ओव्हरटाइमचा, मशीन किती तास चालली त्याचा, प्रवासाच्या वेळेचा किंवा प्रकल्पावर घालवलेल्या तासांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे दिसतंच. एक्सेलने बेरीज बरोबरच केलेली असते, फक्त ती दाखवताना पूर्ण दिवस गाळलेले असतात. हे गाळणं थांबवायला फॉरमॅटमध्ये `h` भोवती चौकोनी कंस घालावा लागतो.

कंस घालायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण आत काय चाललंय हे समजलं नाही, तर पुढे पगार काढताना, फाइल दुसऱ्याला पाठवताना किंवा कमी भरलेले तास मोजताना नवी चूक होते. म्हणून आधी सेलच्या आत काय साठवलेलं असतं ते पाहू.

## सेलमध्ये खरं काय असतं

एक्सेलसाठी वेळ म्हणजे दिवसाचा भाग. पूर्ण दिवस म्हणजे `1`. दुपारचे बारा म्हणजे `0.5`. एक तास म्हणजे एक भागिले २४ आणि एक मिनिट म्हणजे एक भागिले १४४०. आपण सेलमध्ये `6:00` टाइप करतो तेव्हा आत `0.25` साठवलं जातं आणि फॉरमॅट ते आपल्याला सहा वाजले असं दाखवतो.

६१ तास ३५ मिनिटं म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि वर १३ तास ३५ मिनिटं. आत साठवलेला आकडा असतो `2.565972`. नेहमीचा `h:mm` हा फॉरमॅट घड्याळाचा आहे. तो दशांश चिन्हापुढच्या भागाकडे बघतो आणि त्या दिवशी किती वाजले ते सांगतो. डावीकडचे दोन दिवस त्याच्या दृष्टीने तारखेत मोडतात, म्हणून तो ते दाखवत नाही. नेमके २४ तास भरले तर याच कारणाने सेलमध्ये `0:00` दिसतं.

`[h]:mm` लिहिलं की अर्थ बदलतो. किती वाजले हे न सांगता तो एकूण किती तास झाले ते सांगतो आणि दिवसांचेही तास करून त्यात मिळवतो. आतला आकडा तोच राहतो, दिसतं मात्र `61:35`.

याची खात्री करायची असेल तर बेरजेच्या सेलचा फॉरमॅट थोडा वेळ `General` करून पाहा. `2.565972` दिसलं तर हिशेब बरोबर आहे आणि फक्त फॉरमॅट बदलायचा आहे. एकापेक्षा लहान आकडा दिसला तर गडबड वेळांमध्येच आहे, तिथे कंस घालून काही होणार नाही. वेळेच्या हिशेबात काहीही विचित्र दिसलं की मी सगळ्यात आधी हेच करून पाहतो.

## एक आठवडा मांडून पाहू

`A` कॉलममध्ये वार, `B` मध्ये आल्याची वेळ, `C` मध्ये गेल्याची वेळ आणि `D` मध्ये तास. पहिली ओळ शीर्षकांची, हजेरी दुसऱ्या ओळीपासून सातव्यापर्यंत.

| वार | आले | गेले | तास |
|---|---|---|---|
| सोमवार | 20:00 | 6:10 | 10:10 |
| मंगळवार | 20:10 | 6:00 | 9:50 |
| बुधवार | 19:55 | 6:05 | 10:10 |
| गुरुवार | 20:00 | 7:30 | 11:30 |
| शुक्रवार | 20:05 | 6:05 | 10:00 |
| शनिवार | 20:00 | 5:55 | 9:55 |

रात्रपाळीत गेल्याची वेळ आल्याच्या वेळेपेक्षा लहान असते, त्यामुळे साधी वजाबाकी केली तर उत्तर उणे येतं. म्हणून `D2` मध्ये हे लिहा आणि खाली `D7` पर्यंत ओढा:

```
=MOD(C2-B2,1)
```

`MOD` उणे उत्तरात एक पूर्ण दिवस मिळवून ते अधिक करतं. दिवसपाळीलाही हाच फॉर्म्युला चालतो, त्यामुळे दोन पाळ्यांसाठी दोन वेगळे फॉर्म्युले ठेवावे लागत नाहीत. उत्तर `0.423611` असं दशांशात दिसलं तर ते बरोबरच आहे, फक्त अजून वेळेचा फॉरमॅट लागलेला नाही.

आता `D8` मध्ये बेरीज:

```
=SUM(D2:D7)
```

वरच्या सेलना `h:mm` लागलेला असेल तर बेरजेचा सेलही तोच फॉरमॅट उचलतो आणि `13:35` दाखवतो. तो सेल निवडा आणि `Ctrl+1` दाबा. `Format Cells` ची खिडकी उघडेल. `Number` या टॅबमध्ये डावीकडच्या यादीतलं सगळ्यात खालचं `Custom` निवडा. उजवीकडे `Type` च्या चौकटीत जे असेल ते पुसून हे लिहा:

```
[h]:mm
```

`OK` दाबण्याआधीच वर `Sample` मध्ये `61:35` दिसायला लागतं. यादीत `[h]:mm:ss` आयताच असतो, सेकंद हवे असतील तर तोच घ्या. कंस फक्त पहिल्या एककाला घालायचा. `mm` ला वेगळा कंस लागत नाही, कारण तासांत न मावलेली मिनिटंच तिथे दाखवायची असतात.

बेरजेच्याच नव्हे, अख्ख्या `D` कॉलमला हा फॉरमॅट देऊन ठेवावा असं माझं मत आहे. रोजचे तास चोवीसच्या आत असतात तेव्हा दोन्ही फॉरमॅट सारखेच दिसतात, त्यामुळे नुकसान काही नाही. फायदा असा, की पुढे या सेलवरून कुणी नवी बेरीज केली तर तिलाही बरोबर फॉरमॅट मिळण्याची शक्यता वाढते.

या उदाहरणात एक योगायोग आहे आणि तो धोक्याचा आहे. आठवड्याचे ठरलेले तास ४८ असतील, तर ४८ म्हणजे बरोब्बर दोन दिवस. `h:mm` नेमके तेवढेच गाळतो. त्यामुळे चुकीच्या फॉरमॅटमधलं `13:35` हुबेहूब ओव्हरटाइमसारखं दिसतं, आणि या आठवड्यापुरतं ते खरंही असतं. पण ज्याने ४७ तास भरले त्याच्यापुढे `23:00` दिसेल आणि ज्याने ७३ भरले त्याच्यापुढे `1:00`. फॉरमॅटच्या भरवशावर ओव्हरटाइम काढू नका, तो वजाबाकीनेच काढा. `F1` मध्ये `48:00` लिहा आणि:

```
=MAX(0,D8-$F$1)
```

इथे `F1` मध्ये नुसतं `48` लिहिलं तर एक्सेल ते ४८ दिवस समजतं. त्या सेलला `[h]:mm` लावून पाहा, `1152:00` दिसेल. फॉर्म्युल्याच्या आत लिहायचं असेल तर `48/24` लिहा. `TIME(48,0,0)` चा उपयोग नाही, कारण `TIME` चोवीस तासांच्या वरचं सगळं गाळतं आणि शून्य देतं.

## तास दिसले, आता पैसे

`61:35` नीट दिसायला लागल्यावर तासाच्या दराने गुणणं ही पुढची पायरी, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. दर तासाला ९० रुपये आहे असं धरू. `=D8*90` लिहिलं तर उत्तर २३०.९४ येतं. डोळ्यांना `61:35` दिसतं, पण गुणाकार आतल्या `2.565972` चा होतो, म्हणजे दिवसांचा. दर तासाचा असेल तर आधी दिवसांचे तास करून घ्यायचे:

```
=D8*24*90
```

उत्तर ५५४२.५०. हा सेलही कधी कधी वेळेचा फॉरमॅट उचलतो आणि रुपयांऐवजी काहीतरी तास-मिनिटं दाखवतो. त्याला `Number` किंवा `Currency` द्या.

नुसता `D8*24` हा आकडा `61.58` असा दिसतो. ६१.५८ म्हणजे ६१ तास ५८ मिनिटं नव्हेत. पगारपत्रकात `61:35` आणि `61.58` हे शेजारीशेजारी दोन कॉलममध्ये ठेवायचे असतील तर शीर्षकात ‘तास:मिनिटे’ आणि ‘दशांश तास’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर सही करणारा माणूस हमखास विचारणार की दोन आकडे वेगळे का.

## टिंब आणि विसर्गासारखे दोन टिंब

मराठीत लिहिताना आपण साडेआठ हे ८.३० असंच लिहितो. हजेरीवहीतून संगणकावर उतरवताना तीच सवय येते आणि `8.30` टाइप होतं. एक्सेल ते वेळ म्हणून घेतच नाही, ते आठ पूर्णांक तीन दिवस समजतं. `[h]:mm` लावल्यावर तिथे `199:12` दिसतं. एका दिवसाच्या ओळीत शंभराच्या वरचे तास दिसले की टिंबाचाच संशय घ्या. जुन्या `h:mm` मध्ये हाच सेल `7:12` असा निरागस दिसतो आणि चूक लक्षातही येत नाही. अख्ख्या कॉलमला कंसाचा फॉरमॅट देण्याचं हेही एक कारण.

अशा नोंदी थोड्या असतील तर हाताने दुरुस्त करा. शेकडो असतील तर बाजूच्या कॉलममध्ये हे चालतं, इथे टिंबाच्या नोंदी `E` मध्ये आहेत असं धरलं आहे:

```
=(INT(E2)*60+ROUND(MOD(E2,1)*100,0))/1440
```

यात टिंबाच्या डावीकडचे तास आणि उजवीकडची मिनिटं वेगळी करून, सगळ्याची मिनिटं करून १४४० ने भागलं आहे. उत्तराला `[h]:mm` लावला की `8:30` दिसतं. मात्र मूळ नोंद करणाऱ्याने `8.5` हे साडेआठ या अर्थाने लिहिलं असेल, तर हा फॉर्म्युला त्याचे आठ तास पन्नास मिनिटं करेल. म्हणून आधी नोंद करणाऱ्याला विचारून घ्या.

दुसरा प्रकार मजकुराचा. पंचिंग मशीनमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेल्या वेळा पुष्कळदा दिसायला वेळ आणि आतून नुसता मजकूर असतात. सेल मुद्दाम मधोमध केलेला नसेल तर असा मजकूर डावीकडे चिकटलेला दिसतो, खरी वेळ उजवीकडे. सगळ्याच नोंदी मजकूर असतील तर बेरीज `0:00` येते आणि लगेच कळतं. दोन-तीनच असतील तर `SUM` त्या गुपचूप वगळतं आणि बेरीज थोडी कमी येते. हे नजरेने सापडत नाही, मोजून सापडतं:

```
=COUNT(D2:D7)
```

सहा दिवस भरलेले असतील तर उत्तर ६ आलं पाहिजे. `COUNT` फक्त आकडे मोजतं, त्यामुळे ५ आलं तर एक नोंद मजकूर आहे. तास हे आयात केलेले असतील तर `D` वर आणि आल्या-गेल्याच्या वेळा आयात केलेल्या असतील तर `B` आणि `C` वर ही तपासणी लावा. दुरुस्तीसाठी रिकाम्या सेलमध्ये `1` लिहून तो कॉपी करा, बिघडलेले सेल निवडा, `Paste Special` मध्ये `Multiply` घ्या आणि मग पुन्हा वेळेचा फॉरमॅट द्या. पुढे `hrs` वगैरे काही लिहिलेलं असेल तर ते `Find & Replace` ने आधी काढावं लागतं, त्याशिवाय गुणाकार लागू होत नाही.

## एकाच ड्युटीत चोवीस तास उलटतात तेव्हा

`MOD` चा फॉर्म्युला एक ड्युटी चोवीस तासांच्या आत असेल तोवरच बरोबर आहे. जनरेटर सलग दोन दिवस चालला किंवा ट्रक तीन तारखेला निघून पाच तारखेला पोचला, तर नुसत्या वेळांवरून मधले दिवस कुणालाच कळणार नाहीत, एक्सेललाही नाही. अशा वेळी तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये, मध्ये एक स्पेस देऊन लिहा. `B2` मध्ये ३ जून सकाळी आठ, `C2` मध्ये ५ जून दुपारी अडीच. मग साधी वजाबाकी पुरते:

```
=C2-B2
```

`[h]:mm` मध्ये उत्तर `54:30` येतं. इथे सवयीने `MOD` ठेवलात तर `6:30` येईल आणि दोन दिवस कुठे गेले ते शोधत बसावं लागेल. तारीख टाकल्यावर ती दिवस-महिना अशीच घेतली गेली आहे ना, हेही एकदा बघा. काही संगणकांवर महिना आधी असतो आणि मग ३ जूनचा ६ मार्च होतो.

मोठ्या कालावधीसाठी काही जण `d h:mm` असा फॉरमॅट लावून दिवस आणि तास दाखवायला जातात. त्यातला `d` म्हणजे महिन्यातली तारीख, दिवसांची संख्या नव्हे. ३१ पर्यंत ते जुळतं, बत्तिसाव्या दिवशी पुन्हा १ दिसतो. `d` ला चौकोनी कंस चालत नाही. कंस फक्त तास, मिनिटं आणि सेकंदांसाठी आहेत: `[h]`, `[m]`, `[s]`. कॉल सेंटरला किंवा रेडिओच्या कार्यक्रमपत्रिकेला `[m]:ss` उपयोगी पडतो, त्यात दोन तास दहा मिनिटं `130:00` अशी दिसतात.

अहवालात शब्द हवे असतील तर फॉरमॅटमध्येच लिहिता येतात:

```
[h] "तास" mm "मिनिटे"
```

सेलमध्ये `61 तास 35 मिनिटे` दिसतं आणि आत आकडाच राहतो, त्यामुळे पुढची बेरीज चालते. हेच `TEXT` फंक्शन वापरून केलं, म्हणजे `=TEXT(D8,"[h]:mm")`, तर दिसतं सारखंच पण तो मजकूर होतो आणि `SUM` त्याला वगळतं. `TEXT` वाक्यात जोडण्यासाठी ठेवा, हिशेबाच्या कॉलमात नको.

## कमी भरलेले तास आणि `######`

ठरलेले ४८ आणि भरलेले ४५ तास २० मिनिटं असतील तर फरक उणे २ तास ४० मिनिटं. एक्सेल उणे वेळ दाखवत नाही, सेल `######` ने भरतो. कॉलम कितीही रुंद केला तरी तो जात नाही, आणि रुंदीची अडचण आहे की उणे वेळेची, हे ओळखायची खूणही हीच. दाखवण्यापुरता उपाय असा, इथे `D9` मध्ये फरक आहे:

```
=IF(D9<0,"-","")&TEXT(ABS(D9),"[h]:mm")
```

`-2:40` दिसतं. हा मजकूर आहे, म्हणून `D9` मधला मूळ फरक पुसू नका, हिशेब त्याच्यावरूनच करा. एक्सेलच्या सेटिंगमध्ये `Use 1904 date system` असा पर्याय आहे, तो लावला की उणे वेळ थेट दिसते. पण त्या फाइलमध्ये आधीपासून असलेल्या सगळ्या तारखा ४ वर्षं आणि १ दिवसाने सरकतात. तारखा असलेल्या चालू फाइलमध्ये मी तो कधीच सुचवणार नाही.

गूगल शीट्समध्ये ही अडचण येत नाही, तिथे उणे कालावधी सरळ दिसतो. तिथे `Format` मेनूत `Number` आणि त्यात `Duration` निवडलं की एकूण तास, मिनिटं आणि सेकंद दिसतात. सेकंद नको असतील तर त्याच मेनूत `Custom number format` मध्ये `[h]:mm` लिहा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये `Ctrl+1` नंतर `Format code` च्या चौकटीत `[HH]:MM` लिहायचं. फॉर्म्युले तिन्हीकडे तेच.

## सेकंद आणि फाइल पाठवणं

मशीनच्या नोंदीत सेकंदही असतात. `[h]:mm` सेकंद लपवतो, पूर्णांकात आणत नाही. दोन दिवस प्रत्येकी `8:00:40` भरले तर वर `8:00` आणि `8:00` दिसतात आणि बेरजेत `16:01`. कामगार हाताने बेरीज करून एका मिनिटाचा फरक दाखवतो तेव्हा कारण बहुधा हेच असतं. दिसतं तेच मोजायचं असं ठरलं असेल तर रोजचे तास मिनिटापर्यंत कापून घ्या आणि मग बेरीज करा. त्यासाठी `D2` मध्ये हे लिहा:

```
=INT(ROUND(MOD(C2-B2,1)*86400,0)/60)/1440
```

यात आधी पूर्ण सेकंद काढून मग वरचे सेकंद सोडून दिले आहेत. सेकंद कामगाराच्या बाजूने वर न्यायचे की सोडून द्यायचे, हे मात्र पगार देणाऱ्याने आधी ठरवून सगळ्यांना सारखंच लावायला हवं.

फाइल सीएसव्हीमध्ये साठवताना विशेष जपा. एक्सेल सीएसव्हीत आतला आकडा लिहीत नाही, सेलमध्ये जे दिसतं ते लिहितं. बेरजेला `h:mm` असेल तर फाइलमध्ये `13:35` जातं आणि गाळलेले दोन दिवस तिथे कायमचे गेले; ती फाइल उघडणाऱ्याला ते फॉरमॅट बदलूनही परत मिळत नाहीत. म्हणून साठवण्याआधी कंसाचा फॉरमॅट लावा, किंवा त्याहून सुरक्षित म्हणजे `=ROUND(D8*1440,0)` असा एक कॉलम करून एकूण मिनिटं पाठवा. आपल्या उदाहरणात ती ३६९५ होतात. कुठल्याही सॉफ्टवेअरने ती वेगळी वाचण्याचा प्रश्न येत नाही.

पिव्होट टेबलमध्येही मूळ कॉलमचा फॉरमॅट आपोआप येईल असं गृहीत धरू नका. महिन्याच्या चार आठवड्यांची बेरीज `246:20` असताना तिथे `6:20` दिसू शकतं. पिव्होटमधल्या आकड्यावर उजवं क्लिक करून `Value Field Settings`, मग `Number Format`, आणि तिथल्या `Custom` मध्ये `[h]:mm` लिहा. या मार्गाने दिलेला फॉरमॅट पिव्होट ताजं केल्यावरही टिकतो.